सव्वा महिन्यानंतरचे रक्त : सूतिस्राव की पाळी?

बाळंतपण झाल्यावर बाईच्या अंगावरून काही दिवस रक्त जाते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. पण ते किती दिवस जावे, आणि एकदा थांबून पुन्हा दिसले तर ती पाळी समजायची की बाळंतपणाचाच उरलेला स्राव, असे विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही. जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. त्यांत तान्हे मूल घेऊन निघालेल्या बाळंतिणीही असतात. सव्वा महिन्यानंतर दिसलेल्या रक्ताचा अर्थ अशा बाईला उसाच्या फडावर, कोपीत, तिचा तिलाच लावावा लागतो.

हा अर्थ दोन बाजूंनी चुकू शकतो. पाळी आलेली असते, पण ‘कष्टाने अंगावरून गेले’ असे समजून बाई गप्प बसते आणि मूल सहा-सात महिन्यांचे असतानाच पुन्हा दिवस राहतात. किंवा याच्या उलट घडते. गर्भाशयात वारेचा तुकडा अडकलेला असतो, जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि घरातले म्हणतात, ‘पाळी लवकर आली, घाण निघून जाऊ दे.’ पहिल्या चुकीत आईला दोन बाळंतपणांच्या मध्ये भरून निघायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या चुकीत तिचा जीवही जाऊ शकतो. म्हणून हे दोन स्राव वेगळे कसे ओळखायचे, ते आपण क्रमाने पाहू.

जखम कुठे असते?

गर्भारपणी वार गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. पूर्ण दिवसांची वार जेवणाच्या लहान ताटलीएवढी, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर रुंद असते. मूल जन्मल्यावर ती सुटून बाहेर पडते आणि तिच्या जागी भिंतीवर एक उघडी जखम राहते. या जागेतून मोठमोठ्या रक्तवाहिन्या वारेकडे रक्त नेत असतात. वार पडताच त्यांची तोंडे उघडी पडतात, तरी बाई रक्त वाहून दगावत नाही, कारण गर्भाशय आवळले जाते. त्याच्या स्नायूंचे धागे एकमेकांत आडवे-उभे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मधून जातात. धागे आखडले की वाहिन्या जागच्या जागी चिमटल्या जातात. गर्भाशय आखडल्यामुळे वारेची जागाही लगेच लहान होते आणि तळहाताएवढी उरते.

बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. आठवड्याने ते अर्ध्यावर येते आणि महिनाभरात १०० ग्रॅमच्या खाली जाते. याच काळात आतली जखम भरून येत असते. त्वचेवरची मोठी जखम भरली की वण राहतो. गर्भाशयात तसा वण राहिला असता, तर दोन-तीन बाळंतपणांनंतर वार चिकटायला चांगली जागाच उरली नसती. तिथे जखम वेगळ्या रीतीने भरते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञ जे. व्हिट्रिज विल्यम्स यांनी १९३१ साली याचे वर्णन केले. जखमेच्या कडेने आणि तळातून नवे अस्तर वाढत येते आणि वरचा मृत थर खालून सुटून पडतो. वाळलेली खपली नव्या त्वचेवरून निघते, तसेच हे. गर्भाशयाचे बाकीचे अस्तर दोन-अडीच आठवड्यांत नवे होते. वारेच्या जागेला मात्र सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.

ही खपली, जुन्या अस्तराचे तुकडे, रक्त, पांढऱ्या पेशी आणि पातळ द्रव मिळून जे बाहेर येते, त्याला सूतिस्राव म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला ‘लोकिया’ असा शब्द आहे. म्हणजे सूतिस्राव ही शरीरात साठलेली ‘घाण’ नसून भरत चाललेल्या जखमेचा स्राव आहे. सिझेरियन झालेल्या बाईलाही तो असतोच, कारण वार कुठूनही काढली तरी तिची जागा तीच राहते.

पाचवी, बारसे, सव्वा महिना

भरत चाललेल्या जखमेचा स्राव एकाच दिशेने बदलतो. तो लाल असतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी पिवळट-पांढरा होऊन थांबतो. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या रिवाजातले दिवस या बदलाशी बऱ्यापैकी जुळतात, म्हणून ते खुणेला सोयीचे आहेत.

पाचवीच्या पूजेपर्यंत स्राव लाल असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पाळीपेक्षा जास्त असतो आणि त्यात लहान गाठीही असतात. रात्रभर आडवे राहून बाई सकाळी उठली की साठलेले रक्त एकदम येते; त्याला घाबरायचे कारण नाही. मूल पाजताना पोटात कळ येऊन थोडे जास्त गेले, तर तेही स्वाभाविक आहे. मूल चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक सुटते आणि ते गर्भाशयाला आखडायला लावते.

पाचवीनंतर लाल रंग मावळू लागतो. बारशापर्यंत स्राव पातळ आणि गुलाबी-तपकिरी होतो. इथे एक अडचण ठाऊक असावी. सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान वारेच्या जागेवरची खपली सुटते आणि त्या वेळी पुन्हा ताजे लाल रक्त दिसू शकते. नेमके हेच दिवस बारशाच्या गडबडीचे असल्याने घरातले म्हणतात, ‘उठबस जास्त झाली.’ असे रक्त थोडे असते आणि तास-दोन तासांत आपोआप ओसरते. ओसरले नाही, तर खपलीखेरीज दुसरे काही कारण आहे असे समजावे.

बारशानंतर स्राव पिवळट-पांढरा आणि थोडा होतो. कपड्याला डाग पडण्यापुरताच तो उरतो, एखादा दिवस कोरा जातो, पुन्हा डाग दिसतो. सव्वा महिना भरेपर्यंत बहुतेक बाळंतिणींचा स्राव थांबलेला असतो. सगळा मिळून हा स्राव साधारण २०० ते ५०० मिलिलीटर, म्हणजे एक ते अडीच पेले भरतो, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या आठवड्यातच गेलेला असतो.

नेमके किती दिवस?

जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांतील केंद्रांमध्ये, अंगावर पाजणाऱ्या चार हजारांहून अधिक मातांची दीर्घकाळ नोंद ठेवली. त्या केंद्रांपैकी एक नवी दिल्लीचे होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सूतिस्रावाचा मध्यक २७ दिवस निघाला. याचा अर्थ असा की निम्म्या बायकांचा स्राव २७ दिवसांच्या आत थांबला आणि निम्म्यांचा त्यानंतर. केंद्राकेंद्रांत फरक होताच; कुठे मध्यक २२ दिवस होता, तर कुठे ३४. सुमारे ११ टक्के बायकांत स्राव ४० दिवसांच्या पुढेही चालला. मनिला शहरातील ४७७ मातांच्या वेगळ्या अभ्यासात, १९९७ साली, मध्यक पुन्हा २७ दिवसच आला. तिथे असेही दिसले की आईचे वय, तिची आधीची बाळंतपणे आणि पाजण्याची वारंवारता यांनी स्रावाच्या दिवसांत फरक पडत नव्हता.

तेव्हा ‘किती दिवस जावे’ या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: साधारण तीन ते पाच आठवडे, आणि काही जणींत सहा आठवड्यांच्याही पुढे. मात्र या पुढच्या दिवसांतला स्राव फिका आणि थोडा असला पाहिजे. दिवसांच्या संख्येइतकेच रंगाच्या दिशेलाही महत्त्व आहे. चाळिसाव्या दिवशी फिकट डाग पडणे नेहमीचे आहे. विसाव्या दिवशी फिका झालेला स्राव पुन्हा लाल होऊन वाढतच जाणे मात्र नेहमीचे नाही.

याच जागतिक अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि सगळा घोटाळा तिच्यापाशी होतो. दर पाच बायकांपैकी एकीला, सूतिस्राव थांबून गेल्यावर, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा काही दिवस रक्त गेले. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाई न्हाऊन कामाला लागते आणि त्याच सुमारास हे रक्त दिसते. कोणी म्हणते पाळी आली, कोणी म्हणते काम बाधले. या रक्ताचा उलगडा होण्यासाठी पाळी कशाने येते ते पाहावे लागेल.

पाळीचे मूळ दुसरीकडे

सूतिस्रावाचे मूळ गर्भाशयातल्या जखमेत असते, तर पाळीचे मूळ बीजकोशात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीकडून ठरावीक लयीत संदेश आले की बीजकोशात एक बीज पक्व होते. बीजकोशातून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडूनही गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी हे अस्तर गळून पडते आणि पाळी येते. म्हणून पाळीचे रक्त पहिल्या-दुसऱ्या दिवशी लाल आणि भरपूर असते, तीन ते सात दिवसांत पूर्ण थांबते आणि काही आठवड्यांनी परत येते. सूतिस्राव असा परत परत येत नाही.

मूल चोखते तेव्हा स्तनाग्रांकडून मेंदूकडे संवेदना जातात आणि त्या बीजकोशाकडे जाणाऱ्या संदेशांची लय बिघडवतात. लय बिघडली की बीज पक्व होत नाही, अस्तर जाड होत नाही आणि पाळीही येत नाही. हा परिणाम चोखण्याच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. मूल दिवसरात्र केवळ अंगावर पीत असेल, तर पाळी कित्येक महिने लांबते. मुलाला वरचे दूध सुरू झाले, पाजण्यात मोठी खंडे पडू लागली, की लय पूर्ववत होते.

जी आई मुळीच पाजत नाही, तिच्यात ही आडकाठी नसते. तिला पहिली पाळी बहुधा सहा ते नऊ आठवड्यांत येते, आणि बीज त्याच्याही आधी, क्वचित २५ व्या दिवसाच्या सुमारासही बाहेर पडू शकते. ज्या बाईचे मूल जन्मतःच किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले, ती याच गटात येते. दुःखात तिच्या पाळीकडे आणि पुढच्या गर्भारपणाकडे लक्ष द्यायला कोणाला सुचत नाही. पण तिचे शरीर पाजणाऱ्या बाईपेक्षा लवकर पाळीकडे वळते, हे घरातल्या मोठ्या बाईला ठाऊक असावे.

छप्पन्नावा दिवस

१९८८ सालच्या ऑगस्टमध्ये इटलीतील बेलाजिओ येथे अनेक देशांतील तज्ज्ञ या प्रश्नावर एकत्र बसले. अंगावर पाजण्यामुळे गर्भ राहण्यापासून किती संरक्षण मिळते, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांच्या निष्कर्षानुसार तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या, तर हे संरक्षण ९८ टक्क्यांच्या वर असते: मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावर पीत असावे आणि आईला पाळी आलेली नसावी. पूर्ण पाजणे म्हणजे पाणी, बाटली, गाईचे किंवा शेळीचे दूध काहीही नाही, आणि दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार तासांपेक्षा व रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नाही.

तिसऱ्या अटीसाठी ‘पाळी आली’ म्हणजे काय हे ठरवणे भाग होते. पूर्ण पाजणाऱ्या आईला पहिल्या आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, बीज बाहेर पडण्याचा संभव फार थोडा असतो. म्हणून या ५६ दिवसांत दिसलेले रक्त पाळी धरायचे नाही, असे ठरले. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेले, किंवा बाईला स्वतःला ते पाळीसारखे वाटले, तर ती पाळी धरायची.

हा नियम वापरताना त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. तो पूर्ण पाजणाऱ्या आईसाठीच आहे. जी वरचे दूध देते किंवा पाजतच नाही, तिचे सहाव्या-सातव्या आठवड्यातले रक्त खरोखरच पाळी असू शकते. शिवाय ‘५६ दिवसांच्या आत आहे म्हणून पाळी नाही’ याचा अर्थ ‘म्हणून काळजी नाही’ असा होत नाही. ते रक्त किती जाते, त्याला वास आहे का, ताप आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

आशाताईंच्या घरभेटींचे दिवस ठरलेले आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्याची असते. म्हणजे छप्पन्नाव्या दिवशी ना भेट असते, ना रिवाजातला सण. तो दिवस घरातच मोजून ठेवावा लागतो.

एका दिनदर्शिकेवरून

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातला क्रम नेहमी दिसणारा आहे. घनसावंगी तालुक्यातील एक बाई माहेरी आलेली आहे आणि ५ सप्टेंबरला तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. तिची धाकटी बहीण दहावीत आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती रोज एक अक्षर लिहिते: लाल असेल तर ‘ला’, तपकिरी असेल तर ‘त’, पिवळट असेल तर ‘पि’. कोऱ्या दिवसाची चौकट कोरीच राहते. बाळंतपणाचा दिवस शून्य धरून ती मोजते.

९ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे चौथ्या दिवसापर्यंत, ‘ला’ आहे. मग ‘त’ सुरू होतो. १६ सप्टेंबरला, अकराव्या दिवशी, दुपारी तास-दीड तास पुन्हा लाल दिसते आणि थांबते. ती खपली सुटल्याची खूण आहे. १७ सप्टेंबरपासून ‘पि’ आहे आणि २ ऑक्टोबरला, सत्ताविसाव्या दिवशी, तोही संपतो. पुढचे दहा दिवस कोरे आहेत.

१३ ऑक्टोबरला पुन्हा ‘ला’. सव्वा महिना नुकताच झाला आहे आणि बाई सासरी जाऊन कापूस वेचायला लागली आहे. आई निरोप पाठवते, ‘पाळी आली असंल, आता जपा.’ सासू म्हणते, ‘काम लागलं तिला.’ बहीण मोजते : ३८ वा दिवस. मूल केवळ अंगावर पिते. रक्त दिवसाला दोन कपडे लागण्याइतकेच आहे, वास नाही, ताप नाही, पोट दुखत नाही, आणि तीन दिवसांत ते थांबते. याला पाळी धरायचे नाही. पाचांतल्या एकीला चाळिसाव्या दिवसाच्या आसपास जे रक्त दिसते, ते हेच.

आता ३१ ऑक्टोबरच्या चौकटीत ती ५६ हा आकडा लिहून त्याला गोल करते. इथून पुढे नियम बदलतो. नोव्हेंबरात बाई नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते आणि पान फाडून बरोबर नेते. नोव्हेंबर, डिसेंबर कोरे जातात. जानेवारीच्या मध्यापासून मात्र ती पहाटे फडात जाते ती दुपारी परतते. मूल कोपीत मोठ्या मुलीजवळ राहते आणि त्याला शेळीचे दूध पाजतात. पाळी अजून आलेली नसली, तरी पाजण्याची अट इथेच मोडली. संरक्षण १५ जानेवारीपासून, म्हणजे १३२ व्या दिवसापासून, धरायचे नाही.

२० फेब्रुवारीला, १६८ व्या दिवशी, रक्त दिसते. ते चार दिवस जाते. पहिले दोन दिवस जास्त, मग कमी. मूल साडेपाच महिन्यांचे आहे. टोळीतल्या बायका म्हणतात, ‘मोळ्या उचलून अंगावरून जातंय.’ पण ५६ वा दिवस केव्हाच मागे पडला आहे आणि सूतिस्राव संपून साडेचार महिने झाले आहेत. ही पाळी आहे. २४ मार्चला, ३२ दिवसांनी, ती पुन्हा येते आणि शंका उरत नाही. पहिल्या रक्ताची पूर्ण खात्री अशी दुसऱ्या रक्ताने पटते; पण गर्भ राहणे टाळायचे असेल, तर दुसऱ्याची वाट पाहून चालत नाही.

या बाईला कोणता उपाय केव्हा लागला असता, तेही या पानावरून कळते. तो १५ जानेवारीच्या आधीच हाताशी हवा होता. निरोध, तांबी, ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि ‘छाया’ या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि त्या अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतात. कोणता कोणाला योग्य, हे बेचाळिसाव्या दिवसाच्या तपासणीत, टोळी निघण्यापूर्वी, ठरवून घ्यावे.

बिघडले आहे हे कसे कळेल?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील ७७२ बाळंतिणींचा घरोघर जाऊन अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणाच्या वेळी अतिरक्तस्राव झालेल्या बायका १०० मध्ये सुमारे ३ होत्या. पहिला दिवस उलटून गेल्यावर, सूतिकेच्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त रक्त गेलेल्या बायका मात्र १०० मध्ये १५ निघाल्या. पहिल्या प्रकारच्या वेळी सुईण किंवा परिचारिका समोर असते. दुसऱ्या प्रकारच्या वेळी बाई घरी असते आणि ‘अंगावरून तर जायचेच’ म्हणून कोणी विचारत नाही.

उशिरा होणाऱ्या या रक्तस्रावाची मुख्य कारणे दोन. वारेचा किंवा पडद्याचा तुकडा आत राहिला असेल, तर त्या जागी गर्भाशय नीट आखडू शकत नाही आणि रक्तवाहिन्या चिमटल्या जात नाहीत. किंवा जखमेत जंतू शिरलेले असतात आणि भरत आलेली जागा पुन्हा नासू लागते. अनेकदा दोन्ही एकत्र असतात, कारण अडकलेल्या तुकड्यावर जंतू वाढतात.

हे ओळखायला चार खुणा पुरतात. पहिली खूण प्रमाणाची: चांगला जाड घडीचा कपडा किंवा पॅड तासाभरात पूर्ण भिजला आणि पुढच्या तासाला दुसराही भिजला, किंवा लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडल्या. दुसरी खूण दिशेची: फिका झालेला स्राव पुन्हा लाल होऊन वाढत राहिला आणि काही तासांत ओसरला नाही. तिसरी खूण वासाची: सूतिस्रावाला पाळीच्या रक्तासारखा वास असतोच, कुजकट दुर्गंधी मात्र कधीच स्वाभाविक नसते. चौथी खूण तापाची: १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणे, ओटीपोटात दुखणे. यांतली एकही खूण दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कपडे भराभर भिजत असतील, चक्कर येत असेल, हातपाय गार पडत असतील, तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

दुर्गंधीबाबत थोडे अधिक सांगायला हवे. ‘पिशवी साफ होते आहे’ या समजुतीने घरात काढा, शेक-शेगडी आणि धुरी वाढवली जाते. शेकाने बाईला बरे वाटते, दुखणे हलके होते. पण गर्भाशयातला जंतुसंसर्ग काढ्याने किंवा धुरीने हटत नाही. त्यासाठी योग्य प्रतिजैविके आणि गरज पडल्यास आतला तुकडा काढणे, हाच उपाय आहे. त्यात गेलेला एकेक दिवस महागात पडतो. स्राव अचानक पूर्ण थांबला आणि ताप व पोटदुखी सुरू झाली, तर तेही चांगले लक्षण नाही. स्राव आत कोंडला असण्याची शक्यता असते.

रंग आणि दिवस यांवरून अर्थ लावण्याची ही रीत काही बायकांना लागू पडत नाही. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवली असेल, किंवा ‘अंतरा’ घेतले असेल, तर मध्येमध्ये डाग पडतात आणि पाळीचा हिशेब बिघडतो. अशा बाईला दिनदर्शिकेवरून पाळी ठरवता येणार नाही. पण वरच्या चार खुणा तिलाही तशाच लागू आहेत. आणि सूतिस्राव आठ आठवड्यांच्या पुढेही न थांबता चालू असेल, तर तो फिका असला तरी एकदा तपासून घ्यावा.

नववी-दहावीच्या वर्गात प्रजननसंस्थेचा पाठ बीज, गर्भ आणि जन्म इथपर्यंत येऊन संपतो. त्याच्या पुढच्या छप्पन्न दिवसांसाठी एक जुनी दिनदर्शिका पुरेल. कल्पित तारखेला बाळंतपण धरून मुलींना आणि मुलांना शून्य, ५, १२, ४२ आणि ५६ हे दिवस तिच्यावर मांडायला सांगावेत, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणता रंग अपेक्षित आहे आणि कोणता नाही, हे लिहायला सांगावे. घरी बाळंत झालेली बहीण किंवा भावजय असलेल्या विद्यार्थ्याला ही दिनदर्शिका भिंतीवर लावून वापरताही येईल.